मदत हवी आहे: साकुरासाठी १३ ते २२ एप्रिल, जपानात नेमकं कुठे जावं?

गोदाकाठ: नमस्कार मंडळी. नाशिकहून आम्ही दोघं, लेक आणि आई. लेकीची वार्षिक परीक्षा ११ एप्रिलला संपते, त्यामुळे १३ ते २२ एवढेच दिवस हातात आहेत. साकुरा, म्हणजे चेरीच्या झाडांचा बहर, बघायचं आईच्या फार मनात आहे. टोकियोचा बहर तोवर ओसरतो म्हणे. मुंबईहून तिकिटं आत्ता काढली तर परवडतील, पण फुलं कधी येणार हे आत्ता कसं कळावं?

गंगापूररोडकर: घाई करू नका. तिथल्या हवामान कंपन्या जानेवारीपासून शहरवार अंदाज देतात. तो बघूनच तिकीट काढा.

मोगरा: अंदाज निघतात हे खरं, पण जानेवारीचा आकडा पुढे बराच सरकतो. कळ्या फुगायचा वेग फेब्रुवारी-मार्चच्या उबेवर ठरतो. टोकियोत २०२३ साली १४ मार्चला फुलं उमलली, २०२४ ला थेट २९ मार्चला. तोवर थांबलात तर तिकिटं महागतील.

गोदाकाठ, तुमच्या तारखा पक्क्या आहेत, तेव्हा जागा हलती ठेवा. बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. टोकियोच्या उत्तरेला सेंदाईत सरासरी ८ एप्रिलला उमलायला सुरुवात आणि १३ च्या सुमारास पूर्ण बहर. हिरोसाकी आणखी उत्तरेला, तिथे साधारण एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात. मध्ये काकुनोदाते. तिकीट टोकियोचं काढा, पहिल्या दोन रात्री सेंदाई, पुढचा मुक्काम मोरिओकात. तिथून काकुनोदाते आणि हिरोसाकी दोन्ही दिवसभरात जाऊन येण्याजोगी आहेत. हॉटेलं मात्र फुकट रद्द करता येतील अशीच घ्या.

वर्ष उशिराचं निघालं तर सेंदाईजवळ ओगावाराला शिरोइशी नदीकाठची झाडं मिळतील. लवकरचं निघालं तर हिरोसाकीत आधी जा. पूर्ण बहरानंतर एक जोराचा पाऊस-वारा आला की दोन दिवसांत पाकळ्या खाली, म्हणून रोज सकाळी त्या त्या बागेची स्थिती बघून निघा.

सह्याद्रीवेडी: आम्ही सप्टेंबरात कासला गेलो होतो, धुक्यात काहीच दिसलं नाही. तेरडा संपत आलेला, पिवळी फुलं अजून यायची. तुम्हीही कासलाच जा, जवळ पडेल.

गोदाकाठ: कास नक्की करू, पण आईला साकुराच बघायचा आहे. मोगरा, हिरोसाकीत पूर्ण बहर २२ नंतर आला तर?

मोगरा: नेहमीच्या वर्षी तशी शक्यता आहेच. तेव्हा हिरोसाकी सोडा, काकुनोदातेच्या सामुराई वाड्यांच्या रस्त्यावरची लोंबत्या फांद्यांची झाडं बघा. आईंना चालायलाही तो रस्ता सपाट आहे. दोन्ही ठिकाणं हवीतच असा हट्ट धरला तर दिवस गाडीत जातील.

गोदाकाठ: मग मोरिओका पक्कं. रेल्वेचा पास घ्यावा की सुटी तिकिटं? आईसाठी आरक्षित जागा लागेल.

गंगापूररोडकर: पास घ्या.

मोगरा: दोनच लांब फेऱ्या असतील तर पास अंगावर येऊ शकतो. मार्चमध्ये दिवस ठरले की बेरीज करून बघा.