‘स्टेल रिस्पॉन्स’ला शिळे उत्तर म्हणावे का?

शांभवी

पदविकेच्या मुलांसाठी जावास्क्रिप्टची टिपणं मराठीत करते आहे. ‘स्टेल रिस्पॉन्स’ला मी ‘शिळे उत्तर’ लिहिलं आणि वर्गात एका मुलीने अडवलं. उदाहरण गाव शोधायच्या चौकटीचं होतं. ‘सा’ लिहून कुणी अर्धा सेकंद थांबलं, तेवढ्यात पहिली विनंती सर्व्हरकडे गेली. मग ‘सातारा’ पूर्ण केलं, दुसरी गेली. ‘सा’ला जुळणारी गावं ढीगभर, म्हणून ते उत्तर यायला 1100 मिलिसेकंद लागले. ‘सातारा’चं 150 मध्ये आलं. आधी बरोबर यादी दिसली आणि मग सांगली, सावंतवाडी असलेली पहिली यादी तिच्यावर येऊन बसली. चौकटीत सातारा, खाली सांगली.

मी म्हटलं, हे शिळं उत्तर. ती म्हणाली, “मॅडम, ते तर आत्ता आलं. आधीचं उत्तर त्याच्यापेक्षा जुनं आहे. मग शिळं कुठलं?” मला उत्तर देता आलं नाही. काय शब्द वापरावा?

गोदाकाठ

शिळंच बरोबर. शिळा म्हणजे दगड. अन्न दगडासारखं घट्ट होतं, त्यावरून शब्द आला. उत्तरही तसंच निबर झालेलं.

मोडीवाचक

दगडाची ती शिला, तिचा इथे संबंध नाही. शिळा हा शब्द ‘शीतल’वरून आला, म्हणजे मूळ अर्थ थंड झालेलं. संस्कृतातच शब्द हवा असेल तर गीतेच्या सतराव्या अध्यायात, दहाव्या श्लोकात तामसी अन्नाबद्दल ‘यातयाम’ आहे, म्हणजे शिजवून प्रहर उलटून गेलेलं. त्याच श्लोकात रात्र उलटलेल्या अन्नाला ‘पर्युषित’ म्हटलंय. ‘यातयाम प्रतिसाद’ हा घडीव शब्द आहे. मुलांना एकदा सांगितला की बसेल.

रात्रपाळी

यातयाम वर्गात चालणार नाही, पण माझी हरकत वेगळी आहे. शिळा, पर्युषित, यातयाम हे सगळे शब्द वेळ मोजतात, आणि इथे वेळेचा प्रश्नच नाही. ‘सा’ लिहून माणूस तिथेच थांबला असता, तर तेच 1100 मिलिसेकंदांनी आलेलं उत्तर अगदी बरोबर ठरलं असतं. उलट 50 मिलिसेकंदांत आलेलं उत्तरही निरुपयोगी ठरतं, जर तेवढ्यात पुढचा प्रश्न गेला असेल. उत्तर ताजंच आहे, मागे पडलाय तो प्रश्न. शांभवीताई, तुमच्या विद्यार्थिनीने नेमकं तेच पकडलं.

कॅशच्या बाबतीत ‘शिळं’ शोभतं. तिथे `max-age=60` म्हटलं की 60 सेकंदांनंतर प्रत खरोखरच शिळी होते. `stale-while-revalidate` मधला स्टेल तो. दोन्हीकडे इंग्रजी शब्द एकच, म्हणून मराठीतही एकच हवा असं नाही.

उपायातही घड्याळ कुठेच नाही, ते बघा:

```js
let latest = 0;

async function search(text) {
  const mine = ++latest;
  const list = await fetchPlaces(text);
  if (mine !== latest) return;
  show(list);
}
```

प्रत्येक विनंती निघताना आपला आकडा घेऊन निघते. परत आल्यावर बघते, अजून माझाच आकडा शेवटचा आहे का? ‘सा’चा 1, ‘सातारा’चा 2. एक नंबर परतला तेव्हा `latest` 2 आहे, म्हणून तो मुकाट्याने परत फिरतो.

चिंचपोकळी

याला उपाय सोपा आहे. टायपिंग थांबल्यावर 300 मिलिसेकंदांनीच विनंती पाठवायची. आमच्याकडे तेच करतो, कधी अडलं नाही.

रात्रपाळी

त्याने विनंत्या कमी होतात, आणि ते करावंच. पण वरच्या उदाहरणात माणूस अर्धा सेकंद थांबलाय. 300 उलटले, दोन्ही विनंत्या गेल्या, आणि उलट क्रमाने येण्याची शक्यता जशीच्या तशी राहिली.

पांढरा खडू

बँकेतला टोकनचा बोर्ड म्हणजे हेच ना? 42 लागला की 41 वाल्याला “तुमचा नंबर गेला” म्हणतात. मग ‘नंबर गेलेलं उत्तर’ का नको? लोक रोज बोलतात.

आजोळ

मला यावरून घरचं आठवलं. वडील सैन्यात, लेहला होते. हिवाळ्यात टपाल अडकायचं आणि मग चार पत्रं एकदम, उलटसुलट यायची. आई प्रत्येक पत्राच्या कोपऱ्यात आकडा घालायची. एकदा सातव्या पत्रात “बाळाचा ताप उतरला” आणि नंतर पोचलेल्या सहाव्यात “ताप 103 आहे”. आकडा नसता तर वडील तिथे वेडे झाले असते. आमच्या घरी त्या सहाव्या पत्राला अजूनही ‘मागचं पत्र’ म्हणतात. शिळं कधीच कुणी म्हणालं नाही.

शांभवी

‘मागचं उत्तर’! आवडलं. पण ‘मागच्या आठवड्यातलं’ असाही अर्थ निघतो. मी ‘बाद उत्तर’ म्हणू का? रद्द, बाद, काहीतरी छोटं हवं आहे.

रात्रपाळी

रद्द नको, ती वेगळी क्रिया आहे. `AbortController` ने विनंती रद्द होते, ब्राउझर वाट बघणं सोडतो. आकड्याच्या पद्धतीत काहीच रद्द होत नाही. उत्तर येतं, आपण ते वापरत नाही इतकंच. ‘बाद’ त्या मानाने जवळचा. मला विचाराल तर ‘गैरलागू झालेलं उत्तर’: निघालं तेव्हा लागू होतं, पोचेपर्यंत राहिलं नाही.

मोडीवाचक

‘गैर’ फारसी वळणाचा. ‘अप्रस्तुत’ म्हणा.

गोदाकाठ

गैरसमज, गैरहजर, गैरसोय यांना मग काय म्हणायचं? शब्द घरात आला की घरचाच. अप्रस्तुत म्हणजे विषय सोडून बोललेलं. ‘सा’चं उत्तर विषय सोडून नाही.

चिंचपोकळी

आकडा आवडला. मी आज तो ‘जतन करा’ बटणालाही लावला. दोनदा दाबलं तर शेवटचंच उत्तर धरायचं.

रात्रपाळी

तिथे तो पुरणार नाही. आकडा पडद्यावर काय दाखवायचं ते ठरवतो. दोन विनंत्या सर्व्हरवर उलट क्रमाने पोचल्या तर जुना मजकूर नंतर लिहिला जाईल, आणि तुम्ही पडद्यावर नवा दाखवत राहाल. जतन करताना नोंदीची आवृत्ती सर्व्हरनेच तपासायला हवी. किंवा पहिलं उत्तर येईपर्यंत बटण बंद ठेवा.

शांभवीताई, टिपणात आणखी दोन जागा घाला, मुलं तिथेच चुकतात. पहिली, चौकट पुसली तेव्हाची. विनंती जात नाही म्हणून आकडाही वाढवत नाहीत, आणि रिकाम्या चौकटीखाली अचानक यादी उगवते. पुसतानाही `latest` वाढवायचा. दुसरी, `catch` मधली. एक नंबरची विनंती फसली तर बरोबर यादीच्या डोक्यावर “जोडणी तुटली” येतं. तीच तपासणी तिथेही हवी, आणि गोल फिरणारं चक्र थांबवतानाही.

शांभवी

चौकट पुसण्याचं आत्ता करून बघितलं. माझ्याच नमुन्यात यादी उगवली! दुरुस्त करते. शब्दाचं म्हणाल तर टिपणात तूर्त ‘मागे पडलेलं उत्तर’ लिहिते.

पांढरा खडू

पण मागे पडला तो प्रश्न, असं वरच ठरलं ना?

आजोळ

मोडीवाचक, ‘पर्युषित’वरून विचारते. आमची आजी अंघोळ न केलेल्याला ‘पारोसा’ म्हणायची. तो शब्द त्यातूनच आला का?

मोडीवाचक

त्यातूनच. रात्र उलटून गेलेलं ते पारोसं, मग अन्न असो, फुलं असोत की माणूस. आमच्याकडे कालच्या हाराला अजून पारोसा हार म्हणतात.

गोदाकाठ

हाराला आम्ही निर्माल्य म्हणतो. पारोसा फक्त माणूस.