मदत हवी आहे: ग्लायकोलिसिसचा एटीपी हिशोब शून्यावर येतोय, कुठे चुकतेय?

ऋतुजा_के

बीएस्सी दुसरं वर्ष, सोमवारी इंटर्नल आहे. पुस्तक मिटून ग्लायकोलिसिसच्या दहाही पायऱ्या लिहून काढल्या. एन्झाइमं जमली, पण जमाखर्च जुळत नाही. माझी वही अशी:

पायरी १, हेक्सोकायनेज: एटीपी −१
पायरी ३, फॉस्फोफ्रुक्टोकायनेज: एटीपी −१
पायरी ६, ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट डिहायड्रोजनेज: एनएडीएच +१
पायरी ७, फॉस्फोग्लिसरेट कायनेज: एटीपी +१
पायरी १०, पायरुव्हेट कायनेज: एटीपी +१

म्हणजे एटीपी शून्य, एनएडीएच एक. पुस्तकात निव्वळ २ एटीपी आणि २ एनएडीएच दिलेत. गाइडमध्ये ८ एटीपी आहेत आणि सीनिअरच्या नोट्समध्ये ७. एका प्रश्नाची चार उत्तरं!

आणखी एक शंका. सहाव्या पायरीत रेणूला दुसरा फॉस्फेट चिकटतो, पण तिथे एटीपी खर्च झालेला दिसत नाही. मग तो येतो कुठून?

निखिल_फार्मसी

सोप्पं आहे. चौथ्या पायरीत सहा कार्बनचे तीन-तीनचे दोन तुकडे होतात. तू एकच तुकडा पुढे नेलास आणि डीएचएपीला वाऱ्यावर सोडलंस. पाचव्या पायरीत तोही ग्लिसराल्डिहाइड-३-फॉस्फेट होतो, म्हणून सहापासून पुढचं सगळं गुणिले दोन. जमा ४, खर्च २, निव्वळ २.

आणि एक एनएडीएच म्हणजे ३ एटीपी. दोनाचे ६, अधिक २, झाले ८. गाइड बरोबर आहे, पुस्तकाने हिशोब अर्ध्यात सोडलाय. सहाव्या पायरीचा फॉस्फेट एटीपीतूनच येतो, पहिल्या पायरीत घातलेला तोच.

खडूफळा

निखिल, दुप्पट करण्याचा मुद्दा अगदी बरोबर. शेवटची दोन वाक्यं मात्र मागे घ्यावी लागतील.

ऋतुजा, क्षणभर एटीपी मोजणं थांबवा आणि फक्त फॉस्फेट मोजा. सगळा गुंता तिथेच सुटतो.

ग्लुकोज आत येतं तेव्हा त्यावर एकही फॉस्फेट नसतो. पहिल्या पायरीत एक बसतो, तिसऱ्या पायरीत दुसरा. दोन्ही एटीपीकडून आलेले, म्हणजे उसने. चौथ्या पायरीत रेणू मधोमध तुटतो आणि प्रत्येक तुकड्याच्या वाट्याला एकेक फॉस्फेट येतो. इथपर्यंत एकूण फॉस्फेट दोन.

आता सहावी पायरी. अल्डिहाइडचा गट एन्झाइममधल्या सिस्टीनच्या गंधकाला घट्ट धरून बसतो. त्याच्याकडचा हायड्राइड एनएडी उचलतो आणि एनएडीएच होतो. या ऑक्सिडेशनमधून जी ऊर्जा सुटते ती वाया जात नाही, गंधकाशी असलेल्या बंधात अडकून राहते. मग पेशीद्रवात मोकळा फिरणारा अकार्बनी फॉस्फेट येतो, तो बंध तोडून स्वतः तिथे बसतो आणि १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट तयार होतं. हा फॉस्फेट कुणाकडून उसना घेतलेला नाही. त्याला बसवण्याची किंमत एटीपीने नाही, ऑक्सिडेशनने मोजली.

दोन तुकडे, म्हणून असे दोन फुकटचे फॉस्फेट. आता एकूण चार. सातव्या पायरीत दोन एडीपीवर जातात, दहाव्या पायरीत उरलेले दोन. शेवटी पायरुव्हेटवर एकही उरत नाही. चार एटीपीपैकी दोन उसनवारीची परतफेड आणि दोन सहाव्या पायरीची कमाई. पुस्तकातले 'निव्वळ २' ते हेच.

निखिल_फार्मसी

पण सर, आम्हाला तर शिकवलं की सातव्या पायरीत बरोबरी होते आणि दहाव्या पायरीत नफा. तुम्ही नफा सहाव्यात दाखवताय.

खडूफळा

गल्ला कधी भरतो हे पाहायचं तर तुमचं बरोबर. सातव्यानंतर जमाखर्च शून्य, दहाव्यानंतर अधिक दोन. पण दहाव्या पायरीत पीईपीवरून सुटणारा फॉस्फेट मुळात एटीपीकडूनच आलेला आहे, आणि सातव्यात सुटणारा सहाव्यात बसलेला. रेणूतली जागा बघा. पहिल्या कार्बनवरचा नवा फॉस्फेट आधी जातो. तिसऱ्यावरचा जुना आठव्या पायरीत दुसऱ्यावर सरकतो, नवव्यात पाणी निघून जातं आणि दहाव्यात तो सुटतो.

याचा पुरावा आर्सेनेट देतो. ते फॉस्फेटसारखंच दिसतं, म्हणून सहाव्या पायरीत त्याच्या जागी जाऊन बसतं. पण तो बंध टिकत नाही, पाण्याने आपोआप तुटतो आणि थेट ३-फॉस्फोग्लिसरेट मिळतं. सातवी पायरी गाळली गेली. एनएडीएच दोन मिळालेच, पायरुव्हेटही झालं, पण एटीपी: खर्च २, जमा २, निव्वळ शून्य. ऋतुजा, तुमचं शून्य आर्सेनेट घातलेल्या परीक्षानळीत खरं ठरलं असतं!

माऊली७१

विषय थोडा वेगळा आहे, पण तुम्ही मंडळी जाणकार दिसता. आमच्या आईची उपाशीपोटी साखर घरच्या मशीनवर ११२ आली. त्याच सकाळी लॅबचा मुलगा घरी येऊन रक्त घेऊन गेला, रिपोर्ट ९१. मशीन बिघडलं समजायचं का?

राखाडी_टोपण

लॅबमध्ये काम करते म्हणून सांगते, विषय तितकासा वेगळा नाही. नळीत काढलेल्या रक्तातल्या पेशी जिवंत असतात आणि ग्लायकोलिसिस चालूच ठेवतात. रक्त तसंच ठेवलं तर खोलीच्या तापमानाला साखर तासाला साधारण ५ ते ७ टक्के उतरते. ११२ धरले आणि तासाला ६ टक्के, तर तीन तासांनी ९३ च्या आसपास येतात. घरच्या मशीनमध्येही पंधरा टक्क्यांपर्यंत इकडेतिकडे होऊ शकतं, तेव्हा लगेच मशीनला दोष देऊ नका. रक्त कोणत्या रंगाच्या टोपणाच्या नळीत घेतलं आणि किती वाजता तपासलं, हे लॅबला विचारा. साखरेसाठी राखाडी टोपण असतं, त्यात सोडियम फ्लोराइड असतं.

गंमत अशी की फ्लोराइड घालूनही पहिला तास-दीड तास साखर उतरतच राहते. आम्ही म्हणूनच नळी लवकर फिरवून प्लाझ्मा वेगळा करतो. हे का होतं ते मात्र मला नीट सांगता येणार नाही.

खडूफळा

फ्लोराइड नववी पायरी अडवतं, म्हणजे इनोलेज. ग्लुकोज उचलते पहिली पायरी. तळाचा नळ बंद केला तरी वरचा हेक्सोकायनेज हातात एटीपी आहे तोवर ग्लुकोज ओढतच राहतो.

एटीपी हळूहळू का संपतो तेही त्याच वहीत दिसेल. दहावी पायरी बंद, तिथले दोन गेले. सातवी जेमतेम परतफेड करते. त्यात पायरुव्हेट तयार होत नाही, म्हणून लॅक्टेट होत नाही, म्हणून एनएडीएचचा पुन्हा एनएडी होत नाही. थोड्या वेळात सहावी पायरीही एनएडीवाचून अडते. मग फक्त खर्च उरतो. एटीपी आटला की पहिली पायरी थांबते आणि साखर स्थिरावते.

माऊली७१

टोपणाचा रंग बघितला नाही. उद्या विचारतो.

ऋतुजा_के

फॉस्फेटचं डोक्यात बसलं. आता ८ की ७? आणि लाल पेशीसाठी सगळीकडे २ का लिहितात?

खडूफळा

लाल पेशीपासून सुरू करा. तिच्यात मायटोकॉन्ड्रिया नाहीत, म्हणून एनएडीएच वटवायला जागाच नाही. उलट एनएडी परत मिळवला नाही तर सहावी पायरी बंद पडेल. म्हणून लॅक्टेट डिहायड्रोजनेज दोन्ही एनएडीएच पायरुव्हेटवर खर्च करतं. शिल्लक २ एटीपी, एनएडीएच शून्य. यीस्टमध्येही हिशोब तोच, फक्त शेवट अल्कोहोलने होतो.

लाल पेशीत आणखी एक आडवाट आहे. थोडं १,३-बिसफॉस्फोग्लिसरेट सातवी पायरी टाळून २,३ होतं, आणि तेच हिमोग्लोबिनला ऑक्सिजन सोडायला लावतं. त्या वाटेने जाणाऱ्या ग्लुकोजचा निव्वळ एटीपी शून्य, कारण फुकटचा फॉस्फेट पाण्यात जातो.

ज्या पेशीत मायटोकॉन्ड्रिया आहेत तिथे प्रश्न असा की ग्लायकोलिसिसचा एनएडीएच पेशीद्रवात असतो आणि आतल्या पटलातून तो स्वतः जाऊ शकत नाही. त्याचे इलेक्ट्रॉन हातोहात आत पोचवावे लागतात. हृदय आणि यकृतात ते मॅलेट-अस्पार्टेट शटलने जातात आणि आत पुन्हा एनएडीएच मिळतो. एकाचे अडीच धरले तर २ अधिक ५, म्हणजे ७. ग्लिसरॉल-फॉस्फेट शटलने गेले तर ते साखळीत खालच्या पायरीवर शिरतात, एकाचे दीड, म्हणजे एकूण ५. जुन्या पुस्तकांत अडीचऐवजी ३ आणि दीडऐवजी २ धरत, त्यातून ८ आणि ६ आले. गाइडचे ८ त्या काळचे आहेत.

निखिल_फार्मसी

मान्य. पण माझ्या प्रवेश परीक्षेच्या उत्तरसूचीत ८ च होतं, पर्यायांत ७ नव्हतंच. तिथे काय करायचं?

राखाडी_टोपण

आमच्या वेळीही ८ च. मार्क तिथेच मिळायचे.

खडूफळा

लेखी उत्तरात 'निव्वळ २ एटीपी, २ एनएडीएच' लिहावं आणि पुढे कोणता आकडा धरला ते एका ओळीत सांगावं. पर्यायांच्या परीक्षेत मात्र माझ्याकडे उपाय नाही. अडीच हासुद्धा कोरीव आकडा नाही. एका एनएडीएचमागे १० प्रोटॉन बाहेर पडतात आणि एका एटीपीला वाहतुकीसकट ४ लागतात, या हिशोबातून तो येतो. पटलातून प्रोटॉन थोडे झिरपतातही, त्यामुळे प्रत्यक्षात त्याहून कमीच मिळतं.

ऋतुजा_के

एक करून बघितलं, तपासाल का? स्नायूतलं ग्लायकोजेन, लॅक्टेटपर्यंत. फॉस्फोरिलेज अकार्बनी फॉस्फेट वापरून ग्लुकोज-१-फॉस्फेट तोडतं, त्याचं ग्लुकोज-६-फॉस्फेट होतं, हेक्सोकायनेज लागत नाही. म्हणजे खर्च फक्त तिसऱ्या पायरीचा १, जमा ४, निव्वळ ३. फुकटचे फॉस्फेट मोजले तरी तीनच: एक फॉस्फोरिलेजचा, दोन सहाव्या पायरीचे. एनएडीएच शून्य.

खडूफळा

बरोबर. फक्त ग्लायकोजेनच्या फांदीच्या सांध्यावरचं ग्लुकोज मोकळं सुटतं, त्यावर फॉस्फेट नसतो. त्याला हेक्सोकायनेजच्या दारातून यावं लागतं, तिथे २ च धरा.