मदत हवी आहे : ‘तुम्हाला असे म्हणायचे आहे का?’ ही सोय फार चुकलेल्या शब्दांना कशी लावावी?

शब्दसूचीकार

विज्ञानातील मराठी संज्ञांची सुमारे नऊ हजार शब्दांची सूची मी पीएचपीमध्ये चालवतो. शोधलेला शब्द सूचीत नसेल, तर `levenshtein()` वापरून प्रत्येक शब्दाशी एडिट डिस्टन्स काढतो, म्हणजे अक्षर घालणे, गाळणे किंवा बदलणे अशा किमान किती फेरफारांनी एका शब्दाचा दुसरा होतो ते मोजतो, आणि हे अंतर ३ किंवा त्याहून कमी असलेले शब्द वाचकाला सुचवतो.

अडचण दुहेरी आहे. ‘दाब’ऐवजी कोणी ‘धाब’ लिहिले, तर ‘दाब’ पहिला येतो खरा, पण त्याच्या पाठोपाठ ताप, वाफ, भार, काच अशी रांगच लागते. उलट ‘केशाकर्षण’ऐवजी ‘केशकर्शण’ लिहिले, तर एकही सूचना येत नाही, आणि ‘विज्ञान’ हा शब्द उच्चाराप्रमाणे ‘विद्न्यान’ असा लिहिणाऱ्या वाचकाच्या हातीही काहीच लागत नाही. मर्यादा ३ वरून वाढवली की लहान शब्दांचा कचरा वाढतो आणि कमी केली की लांब शब्द हातचे जातात. मधला मार्ग कोणता?

कळफलक_त्रस्त

माझ्या फोनचा कळफलकही मी नीट लिहिलेले शब्द परस्पर बदलतो. ती सोय बंद करण्याचा पर्याय सेटिंग्जमध्ये मला सापडलेला नाही, कोणी सांगेल का?

दुपारचा_चहा

त्यासाठी कृपया वेगळा धागा काढावा, येथे प्रश्न शोधसूचनांचा आहे.

शब्दसूचीकार, मर्यादा शब्दाच्या लांबीवर ठेवा. लांबीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त फेरफार लागत असतील तर तो शब्द सुचवूच नये. आमच्या इंग्रजी वस्तूंच्या शोधात Elasticsearch आहे. त्यात `fuzziness: AUTO` ठेवले की दोन अक्षरांपर्यंत काहीच सूट मिळत नाही, तीन ते पाच अक्षरांना एका फेरफाराची आणि त्यापुढे दोन फेरफारांची सूट मिळते. आमचे तेवढ्यावर उत्तम चालते. तुमचेही एवढ्याने सुटेल.

जुना_प्रोग्रामर

लांबीची सूचना योग्य आहे, पण त्याआधी लांबी कशाची मोजली जाते ते पाहावे लागेल. पीएचपीचे हे फंक्शन अक्षरे मोजत नाही, बाइट मोजते, आणि यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह, मग ते व्यंजन असो, मात्रा असो वा हलन्त, तीन बाइटांचे असते. खालील दोन ओळी चालवून पाहा.

```php
echo levenshtein('कि', 'की'); // 2
echo levenshtein('कु', 'कू'); // 1
```

वेलांटीची चूक उकाराच्या चुकीच्या दुप्पट महाग पडते, आणि तिचा व्याकरणाशी काडीचाही संबंध नाही. ‘ि’ हे चिन्ह E0 A4 BF असे साठवले जाते आणि ‘ी’ हे E0 A5 80 असे, म्हणजे नेमकी या दोघांमध्येच A4 ची हद्द संपते, त्यामुळे दोन बाइट बदलतात. उकारांची जोडी हद्दीच्या एकाच बाजूला आहे. सगळी व्यंजने A4 मध्येच असल्यामुळे एका व्यंजनाच्या जागी दुसरे आले तर खर्च १ होतो, पण एखादी मात्रा गळली तर खर्च ३. ‘केशकर्शण’मध्ये काना गळला त्याचे ३ आणि ‘ष’चा ‘श’ झाला त्याचा १ मिळून ४ होतात, म्हणून तो तुमच्या मर्यादेबाहेर गेला. याउलट ‘धाब’ची दोन्ही व्यंजने बदलून ‘वाफ’ केला तरी खर्च २ च. मधे काना असलेला तीन चिन्हांचा कोणताही शब्द तुमच्या सूचीत अशा तऱ्हेने आत येणारच.

तेव्हा `mb_str_split()` वापरून शब्दाची चिन्हे सुटी करा आणि अंतराचे कोष्टक स्वतः लिहा, वीसेक ओळींचे काम आहे. लांबीतला फरकच मर्यादेपेक्षा जास्त असेल, तर कोष्टक भरण्याचीही गरज नाही, कारण अंतर त्या फरकापेक्षा कमी असूच शकत नाही. नऊ हजार शब्दांना वेगाची चिंता करू नये.

शब्दसूचीकार

दोन्ही सूचना अमलात आणल्या. अंतर आता चिन्हांवर मोजतो आणि मर्यादा लांबीच्या एक तृतीयांश ठेवली आहे. ‘धाब’ला आता दाब आणि धार एवढेच येतात, ‘केशकर्शण’ही सापडतो. मात्र ‘विद्न्यान’ लिहिल्यावर सूचना येते ती ‘विद्यमान’ची!

दुपारचा_चहा

मग मर्यादा लांबीच्या निम्मी करून पाहा.

जुना_प्रोग्रामर

निम्मी केली तर ‘विज्ञान’ यादीत येईल, पण ‘विद्यमान’च्या खालीच राहील. हाताने मोजून पाहा. ‘विद्न्यान’ची चिन्हे नऊ : व, ि, द, ्, न, ्, य, ा, न. यातील पहिला ‘न’ आणि त्याचा हलन्त गाळून ‘य’नंतर ‘म’ घातला की ‘विद्यमान’ होतो, म्हणजे तीन फेरफार. ‘विज्ञान’ करायचा तर ‘द’चा ‘ज’ करा, ‘न’चा ‘ञ’ करा आणि नंतरचे हलन्त व ‘य’ गाळा, म्हणजे चार. गणित चोख आहे. ज्ञ हा मराठीत द्न्य असा उच्चारला जातो, हे मात्र त्या गणिताला कोणी सांगितलेले नाही. दुपारचा_चहा यांच्या Elasticsearchमध्येही कमाल सूट दोन फेरफारांची आहे, त्यामुळे तेथे हा शब्द हाती लागलाच नसता.

फ्रेडरिक दामेरो यांनी १९६४ साली दाखवले होते की ऐंशी टक्क्यांहून अधिक चुकांमध्ये एकच अक्षर गळलेले, वाढलेले किंवा बदललेले असते, नाहीतर शेजारची दोन अक्षरे उलटसुलट झालेली असतात. ते निरीक्षण बोट घसरण्याच्या चुकांचे होते. आपला वाचक बोट घसरून ‘विद्न्यान’ लिहीत नाही, त्याने जे ऐकले आहे तेच तो निष्ठेने लिहितो, आणि अशा चुका जोडाक्षरात झाल्या की एकाच चुकीचे चार फेरफार होतात.

म्हणून सूचीतल्या प्रत्येक शब्दाचे एक उच्चाररूप आधीच साठवून ठेवा : ज्ञ चा द्न्य, दीर्घ वेलांटी-उकारांचे ऱ्हस्व, ष चा श, ण चा न, ळ चा ल. वाचकाच्या शब्दावरही हेच संस्कार करा आणि अंतर त्या दोन रूपांमध्ये मोजा. मग ‘विद्न्यान’ आणि ‘विज्ञान’ यांच्यातील अंतर शून्य होते आणि ‘विद्यमान’ तीनवरच राहतो. खरोखर वाईट चुकलेला शब्द घ्या. ‘गुरुत्वाकर्षण’ऐवजी ‘गुर्त्वाकशन’ लिहिले तर मूळ अंतर पाच येते, उच्चाररूपात मात्र तीनच उरते आणि एक तृतीयांशाच्या मर्यादेत बसते.

शब्दसूचीकार

‘विज्ञान’ आणि ‘गुरुत्वाकर्षण’ दोन्ही पहिल्या क्रमांकावर आले, आभारी आहे. पण ‘ळ’चा ‘ल’ केल्यामुळे काळ आणि काल, तसेच ‘ण’चा ‘न’ केल्यामुळे मण आणि मन यांची उच्चाररूपे एकच झाली आहेत.

जुना_प्रोग्रामर

रूपे सारखी निघाली की मूळ शब्दांमधील अंतर पाहून क्रम लावा. वाचकाने ‘काळं’ लिहिले असेल, तर ‘काळ’ एका फेरफारावर आहे आणि ‘काल’ दोनवर.

दुपारचा_चहा

त्यापेक्षा ळ-ल ही जोडी वगळावी असे माझे मत आहे. या दोन अक्षरांत मराठी माणूस सहसा गल्लत करत नाही.

जुना_प्रोग्रामर

ज्यांची पहिली भाषा हिंदी आहे असे वाचक करतात, आणि शब्दसूचीकारांच्या सूचीला तसे वाचक किती हे तेच सांगू शकतील. न सापडलेल्या शोधांची नोंद ठेवत असाल तर ती एकदा चाळा. बोट घसरल्याच्या चुका जास्त आहेत की कानाने लिहिल्याच्या, यावरच कोणत्या जोड्या ठेवायच्या ते ठरेल.

शब्दसूचीकार

नोंद आजवर ठेवलेली नव्हती, आता सुरू करतो. ळ-ल ही जोडी तूर्त ठेवली आहे. नोंदीत न-न्द, अनुस्वार-परसवर्ण अशा आणखी जोड्या दिसल्या तर याच धाग्यावर लिहीन.