उडदातला जीव

"पावसातून जीव धान्यात येतो म्हणता, मग उडीद भरडताना त्याला दुखत नाही का?"

नाही, काका. छांदोग्य उपनिषदात वाट अशी आहे: यज्ञ-दानाचं पुण्य भोगून संपलं की जीव चंद्रलोकातून आकाश, वारा, धूर, ढग असा उतरतो, पावसाबरोबर जमिनीवर येतो आणि भात, जव, तीळ, उडदात शिरतो. (आपल्या मराठवाड्यात खरिपाला पेरतात तेच तीळ-उडीद!) पण शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात स्पष्ट सांगतात, की तो दाण्यात नुसता मुक्कामाला असतो; दाण्याचं सुखदुःख त्याला लागत नाही. खरी अडचण पुढेच आहे. इथून सुटणं फार कठीण, असं उपनिषदच म्हणतं. दाणा कुणाच्या तरी पोटात गेला, त्याचं बीज झालं, तरच गर्भ मिळतो. कोणता गर्भ, ते आधीच्या आचरणावर ठरतं.