मांजरांची रात्रीची धावपळ आणि पहाटेची हाक : आपले अनुभव लिहावेत

कौलारू (दर्यापूर तालुका)
अमरावतीला भाड्याच्या खोलीत राहणाऱ्या माझ्या मुलीने काल फोनवर विचारले, की तिचे मांजर रात्री अकरानंतर खोलीभर का उधळते आणि पहाटे चार वाजता तिच्या तोंडावर पंजा का ठेवते. ते ऐकून मला आमची चिंगी आठवली. हरभऱ्याच्या ओलिताच्या दिवसांत पंपाची वीज काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री असे. रात्रपाळी असली की आमचे हे पहाटे तीनच्या सुमारास शेतातून येत, हातपाय धूत आणि चिंगीला दूधभाकर घालत. वीज दिवसाची झाली की हे रात्री घरीच झोपत, पण चिंगीला त्या पाळ्या कशा कळणार? ती तीन वाजता चुलीपाशी बसे, आणि कोणी उठले नाही की डब्यांच्या उतरंडीवरून उड्या मारून आमच्या पांघरुणावरून पळे. आपल्याकडे असे काय घडले आणि त्यावर काय लागू पडले, ते लिहावे.

धुरकरी
मांजर हा रात्रीचाच प्राणी आहे, त्यामुळे यात नवल वाटण्यासारखे काही नाही. त्याला दिवसभर झोपू देऊ नये आणि रात्री उपाशी ठेवावे, म्हणजे ते थकून पडते आणि उंदीरही चांगले धरते, असे आमचे आजोबा सांगत.

गोठा_ते_दवाखाना
मी पशुधन पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो आहे, म्हणून धुरकरी दादांच्या म्हणण्यात थोडी दुरुस्ती सुचवतो. मांजर मध्यरात्रीपेक्षा दिवेलागणीला आणि झुंजुमुंजू होताना अधिक चपळ असते, कारण उंदीर आणि पाखरे त्याच वेळी हालचाल करतात. मोठे मांजर दिवसातले बारा ते सोळा तास झोपेत घालवते, आणि ती झोप मोडली तर ते शहाणे होत नाही, चिडखोर होते. मे महिन्यात आपल्याकडे ते दिवसभर रांजणाच्या ओलाव्याला पडून राहते, त्यामुळे त्याची सारी धावपळ गारव्याच्या वेळेवर येऊन पडते. उपाशी ठेवण्याचा परिणामही उलटाच होतो, कारण भुकेले मांजर पहाटे अधिक लवकर उठवते.

कौलारू ताई, चिंगीच्या बाबतीत खरी गोम त्या पाळ्यांत आहे. तिला रोज तीनला खाऊ मिळाला असता, तर तो बंद झाल्यावर तिने काही दिवसांत नाद सोडला असता. पण कधी मिळे आणि कधी मिळत नसे, म्हणून आज मिळेल या आशेवर ती रोज बसू लागली. अशी लागलेली सवय सर्वांत चिवट असते.

दुधाचा_कॅन
आमच्याकडे म्हशींमुळे सगळे घर चारलाच उठते, त्यामुळे मांजराने उठवले ही तक्रारच होऊ शकत नाही, उलट कधी कधी आम्हीच त्याला उठवतो. मात्र शाळेच्या मुलांची झोप मोडत असे. मग आम्ही धार काढून, कॅन डेअरीवर पोचवून परत आल्यावरच त्याची ताटली भरू लागलो. आता ते माणसांच्या अंथरुणाकडे फिरकत नाही, गाडीचा आवाज आला की फाटकाशी जाऊन बसते.

गोठा_ते_दवाखाना
हेच सूत्र आहे, आणि ते फार कमी लोकांच्या लक्षात येते. माणसाचे उठणे आणि ताटली भरणे यांच्यामध्ये एखादे काम आले, की उठवण्यातून मांजराला काहीच लाभत नाही.

तूरडाळ
आमच्या टिनाच्या छपरावर तर दोन बोके रात्रभर भांडतात आणि लहान पोराप्रमाणे रडतात. त्यांना कोणता खेळ खेळवावा?

गोठा_ते_दवाखाना
तूरडाळ ताई, तो वेगळा विषय आहे. ते माजावर आलेल्या मांजरीमागचे भांडण आहे, त्यावर खेळाचा उपयोग नाही. तुमचा बोका असेल तर त्याची नसबंदी करून घ्यावी, पिल्लू पाच-सहा महिन्यांचे झाले की ती करता येते. दुसऱ्याच्या बोक्याचे काय करावे, याचे उत्तर मला नोकरीतही सापडले नाही.

कौलारू
चिंगीचे पुढे काय झाले ते सांगते. आम्ही निजण्याआधी सुतळीच्या टोकाला चिंधी बांधून ती ओसरीवर उंदरासारखी फरफटवू लागलो. मध्येच थांबवायची, कोठीच्या कोपऱ्याआड न्यायची, आणि शेवटी तिला पकडू द्यायची. ती धापा टाकू लागली की खेळ संपवून लगेच तिचे रात्रीचे जेवण, म्हणजे भाकरीत कुस्करलेली उकडलेली मासळी. खाऊन झाल्यावर ती अंग चाटत बसे आणि तिथेच झोपे. सुतळी मात्र रोज उचलून ठेवावी लागते, कारण मांजराने ती गिळली तर आतड्यात अडकते.

खरा कस पहाटे लागला. कोणीही डोळे उघडायचे नाहीत, तिला रागवायचेही नाही, असे ठरले, कारण रागावणे हेसुद्धा तिच्या दृष्टीने उत्तरच होते. पहिले काही दिवस तिचा आरडाओरडा आधीपेक्षा वाढला, आणि आमचे हे म्हणू लागले की उपाय लागू पडत नाही. त्याच सुमारास सासूबाईंनी एका पहाटे गुपचूप तिला वाटीभर दूध दिले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागली. ह्यांच्या रात्रपाळीच्या दिवसांत आल्याबरोबर काही घालायचे नाही, उजाडल्यावर चहा झाला की मीच घालायचे, असा नियम झाला, तेव्हा कुठे ती तीनची बैठक सुटली. उन्हाळ्यात आम्ही गच्चीवर झोपतो, तेव्हा ती अजूनही उजाडायच्या आधी उशाशी येते, पण खाऊ मागत नाही.

धुरकरी
सासूबाईंचे दूध वाचून हसू आले, आमच्याकडे ते काम आजोबाच करत. पण दूध वाईट कसे, मांजर तर दुधावरच वाढते ना?

गोठा_ते_दवाखाना
पिल्लू आईच्या दुधावर वाढते. मोठेपणी बऱ्याच मांजरांना गाईम्हशीचे दूध पचत नाही, पोट बिघडते, आणि तेही रात्री अस्वस्थ होण्याचे एक कारण ठरते. आपल्या मांजराला सोसत असेल तर थोडे द्यावे, पण पहाटे नव्हे.

बोरीबाभळी (आर्वी)
आमची म्हातारी मांजर तेरा वर्षांची आहे. पूर्वी ती रात्रभर शांत झोपे, पण दिवाळीपासून मध्यरात्री घरभर फिरते आणि भिंतीकडे तोंड करून मोठ्याने ओरडते. पूर्वीपेक्षा जास्त खाते, तरी पाठीचा कणा हाताला लागतो. येथील चर्चा वाचून मीही तिच्याकडे दुर्लक्ष करायला सुरुवात केली आहे.

गोठा_ते_दवाखाना
ताई, कृपया दुर्लक्ष करू नका. भरपूर खाऊनही मांजर वाळत असेल आणि उतारवयात अचानक रात्री ओरडू लागले असेल, तर ती सवय नसून बहुधा आजार असतो. गळ्यातील थायरॉईड ग्रंथी वाजवीपेक्षा जास्त काम करू लागली की असे होते. मूत्रपिंडाच्या दुखण्यात किंवा रक्तदाब वाढल्यावरही मांजर रात्री ओरडते, आणि वाढलेल्या दाबाने दृष्टीही जाऊ शकते. ती पाणी किती पिते आणि अंधारात वस्तूंवर आदळते का, हे पाहून ठेवा, आणि रक्त तपासून घ्या.

बोरीबाभळी
पाणी नक्कीच जास्त पिते, आता लक्षात आले. आमच्या तालुक्याच्या दवाखान्यात मांजराचे रक्त तपासत नाहीत, म्हणून वर्धा किंवा नागपूरला न्यावे लागेल. एसटीमध्ये तिला कशात घालून न्यावे, हे कोणी सांगू शकेल का?

दुधाचा_कॅन
आमच्या मांजराला आम्ही झाकणाच्या वेताच्या टोपलीत, खाली तिच्याच झोपण्याचे जुने लुगडे अंथरून आणि वरून सुतळीने घट्ट बांधून नेले होते. वाहकाला आधी विचारून घ्यावे, आणि निघण्यापूर्वी फार खाऊ घालू नये.