मदत हवी आहे: वणी गडाच्या पदयात्रींना मुक्कामी ठेवणाऱ्या घरांसाठी चिठ्ठी

गावाकडची_सून: चैत्रात सप्तशृंगी गडावर पायी जाणारे आमच्याकडे मुक्कामाला थांबतात. धुळे-मालेगाव रस्त्यालगतचं गाव. यंदा 45 जण, तीन घरांत 15-15. घरोघरी द्यायची चिठ्ठी अशी लिहिली आहे: "संध्याकाळी 7 ला येतील. 8 ला शेवभाजी, भाकरी, खिचडी. गाद्या गच्चीवर. सकाळी 6 ला चहा-पोहे."

मागच्या वर्षी खिचडी 4 वाजताच करून झाकून ठेवली. लोक आले रात्री 10 ला, तोवर ती आंबली होती. माणसं चहा-बिस्किटांवर झोपली. अजून मनाला लागतं. काय बदलू?

अनवाणी_11_वर्षं: ताई, आधी वेळा बदला. चैत्रात दुपारी डांबरावर पाय ठेववत नाही, आमच्यात निम्मे अनवाणी. उन्हं उतरली की निघतो, 9-10 ला पोचतो आणि पहाटे 4 च्या आत पुन्हा रस्त्यावर. तुमचे पोहे खायला कुणी उरणार नाही. चिठ्ठीत लिहा, मागच्या गावातून निघताना म्होरक्या फोन करेल, फोन आला की तांदूळ धुवा. 15 जणांना दीड किलो तांदूळ, पाऊण किलो मूगडाळ. भाकरी आधी केली तरी चालते. शेवभाजी मात्र नको. तिखटाने रात्रभर तहान लागते आणि पहाटे चालताना पोट बिघडतं. आल्याआल्या ताट वाढू नका. आधी माठाचं पाणी, लिंबू-मीठ-साखरेचं सरबत, अर्ध्या तासाने जेवण. आणि "अजून एक भाकरी घ्याच" हा आग्रह नको.

जळगावचा_नाना: आमच्या मुक्ताईच्या पालखीत स्वयंपाकाचं सामान ट्रकमध्ये सोबतच असतं. तुम्ही कशाला राबता?

गावाकडची_सून: नाना, ती आषाढीची वारी. हे चैत्रातले, यांच्याकडे झेंडा आणि पाठीवरची पिशवी एवढंच.

पारोळेकर: घमेल्यात कोमट मीठपाणी ठेवा पायांसाठी. फोड आले असतील तर सुईने फोडून द्या, लगेच हलकं वाटतं.

अनवाणी_11_वर्षं: घमेलं बरोबर, सुई नको भाऊ. वरची कातडी हीच त्याची पट्टी. माझ्या सोबत्याने एके वर्षी फोड फोडला, रस्त्याची धूळ आत गेली, दुसऱ्या संध्याकाळी टाच सुजून लाल. त्याला एसटीने परत पाठवलं. आधीच फुटलेला असेल तर साध्या पाण्याने धुवायचा, मीठ झोंबतं.

शिरपूरची_अक्का: गच्ची पुरुषांना ठीक. पहाटे गारवा सुटतो, गादी नसली तरी चालेल पण चादर प्रत्येकाला हवी. बायांना आत, मोरी-संडासाजवळची खोली द्या, तिथला दिवा चालू ठेवा आणि घरच्या पुरुषांनी तिकडे फिरकू नये. पहाटे वीज नसली की मोटार बंद, म्हणून टाकी संध्याकाळीच भरा. झेंडा आडवा टाकू नका, भिंतीला उभा टेकवा.

गावाकडची_सून: चिठ्ठी पुन्हा लिहायला घेते. मुक्कामाची रात्र एकादशीची आहे. 45 पैकी उपवास किती जणांना, हे आधी कसं कळावं?

अनवाणी_11_वर्षं: म्होरक्यालाच फोनवर विचारा, पण तोही अंदाजेच सांगेल. आमच्यातले काही वाटेत उपवास सोडतात.

शिरपूरची_अक्का: मी तर एकादशीला सगळ्यांनाच भगर करते. तरण्या पोरांचं मात्र तेवढ्याने भागत नाही.