शब्दचर्चा: बाकी, शेष की ‘उरतात’?

सागरवेळ (वेंगुर्ला): शाळेच्या हस्तलिखितासाठी सुन्झी या चिनी गणितीचं जुनं कोडं मराठीत आणतेय. ‘एका संख्येला ३ ने भागलं तर बाकी २, ५ ने भागलं तर ३ आणि ७ ने भागलं तर २. ती संख्या कोणती?’ सोबतच्या बाईंचं म्हणणं असं की ‘बाकी’ अरबी आहे, ‘शेष’ लिही. मी लहानपणापासून बाकीच लिहीत आले. काय करू?

माडाची_सावली: शेष! आपला शब्द असताना उसना कशाला? पंचांगात, श्राद्धात, सगळीकडे शेषच आहे.

बंदरकर: मग ‘बाकी सगळं ठीक’ याऐवजी ‘शेष सगळं ठीक’ म्हणणार का तुम्ही? चौथीच्या पोराला शेष म्हटलं की नाग आठवतो. आणि उत्तर २३ आहे, सोपं आहे. ३ आणि ७ दोघांचीही बाकी २, म्हणजे २१ मध्ये २ मिळवा. २३ ला ५ ने भागलं की ३ उरतात. संपलं.

सुपारीवाली (आगर, गुहागर): भागायचं म्हणजे तीन जणांत वाटायचं ना? मग प्रत्येकाला दोन मिळाले असं वाचलं मी, आणि गणित काही केल्या जुळेना. आमच्याकडे मासळीचे तीन-तीनचे वाटे घालतात आणि म्हणतात ‘दोन उरले’. तेच लिहा हो, पोरांना लगेच कळेल.

सागरवेळ: ताई, हे फार मोलाचं आहे. तीन जणांत वाटणं आणि तीन-तीनचे वाटे घालणं यांत पोरं नेमकी तिथंच अडकतात.

जुना_मास्तर (कणकवली): बंदरकर, उत्तर बरोबर, पण वाट नशिबाची. दोन बाक्या सारख्या निघाल्या म्हणून जमलं. बाक्या १, ४, ६ दिल्या तर काय कराल?

सुन्झीची रीत अशी. ५ आणि ७ या दोघांनी भाग जाईल, पण ३ ने भागल्यावर १ च उरेल अशी संख्या शोधायची. ३५ चालत नाही, कारण त्यातून २ उरतात. दुप्पट केली की ७०, तिथं १ उरतो. तसंच ५ साठी २१ आणि ७ साठी १५. आता प्रत्येकीला तिच्या बाकीने गुणायचं: ७० दुणे १४०, २१ त्रिक ६३, १५ दुणे ३०. बेरीज २३३. ३ × ५ × ७ म्हणजे १०५, ते काढत जा: १२८, मग २३. माझ्या बाक्यांनी ७० + ८४ + ९० = २४४, त्यातून दोनदा १०५ गेले की ३४. तपासून पाहा.

आणि आपल्याकडे याला शब्द आहे, कुट्टक. आर्यभटांनी इ.स. ४९९ मध्ये अशा प्रश्नांची रीत गणितपादात दिली. तेव्हा त्यांचं वय २३ होतं. ते बाकीला ‘अग्र’ म्हणतात.

माडाची_सावली: बघा, अग्र! आणि कुट्टक म्हणजे कूटप्रश्नातला ‘कूट’, कोडं. हे ‘शेष’पेक्षाही आपलं.

जुना_मास्तर: नाही हो. कुट्ट् म्हणजे कुटणे, दाण्याचं कूट करतो तेच. भाजक एकमेकांनी भागत जायचं, दर वेळी लहान संख्या हाती येते, शेवटी पीठ. कोड्याचं कूट वेगळं.

माडाची_सावली: मला नाही पटत. दोन्ही एकच मूळ असणार.

बंदरकर: मास्तर, रीत मान्य. पण ७०, २१, १५ नेहमी सापडतात का? मी ४ आणि ६ घेऊन बसलो, बाक्या १ आणि २. काही केल्या संख्या मिळेना.

जुना_मास्तर: मिळणारच नाही. ४ ने भागून १ उरतो ती संख्या विषम, ६ ने भागून २ उरतात ती सम. ४ आणि ६ मध्ये २ सामाईक आहे, त्यामुळे बाक्याच एकमेकींशी भांडतात. ३, ५, ७ मध्ये सामाईक काही नाही, म्हणून तिथं कुठल्याही बाक्या द्या, उत्तर निघतंच.

सुपारीवाली: आणि २३ का, १२८ का नाही? माझ्या ढिगातली सुपारी मोजायची झाली तर?

जुना_मास्तर: १२८ पण बरोबर, २३३ पण. वाट्यांवरून फक्त १०५ च्या आतलीच संख्या कळते. पुढे ढीग डोळ्यांनी अंदाजायचा.

सागरवेळ: म्हणजे कोड्यात ‘सर्वांत लहान’ हे घालायलाच हवं, ते राहिलंच होतं. ‘उरतात’ लिहिते आहे. बाई मात्र अजून शेषवर ठाम आहेत.

माडाची_सावली: मग ‘अग्र’ विचारून पाहा त्यांना.